सीएच म्हणजे चीन

पत्र : साठी ओलांडली आहे. बालपण वेरूळला गेलं. त्या काळावर एक लघुकथा लिहिली. १९७६ च्या हिवाळ्यात चौथीतला सोपान लेण्यांसमोर थांबणाऱ्या परदेशी गाड्यांचे नंबर शंभर पानी वहीत उतरवून घेतो. पुढे तो आरटीओत साहेब होतो आणि शेवटी ती वही त्याला ट्रंकेत सापडते. दोन दिवाळी अंकांकडून कथा परत आली. एका संपादकांनी एकच ओळ लिहिली, 'वही खरी वाटत नाही.' नंबर तर मी नेटवर पाट्यांचे फोटो बघून अचूक दिलेत. मग खोटं काय वाटलं असेल? कथा सोबत जोडली आहे.
– ग. म., छत्रपती संभाजीनगर

नमस्कार.

कथा दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी मधला मजकूर सोडून फक्त वहीतल्या नोंदी वाचत गेलो. एकोणीस नोंदी आहेत आणि एकोणीसही एका वळणाच्या : तारीख, देश, नंबर, रंग, माणसं. देश सगळे बरोबर, अक्षरं सगळी बरोबर. जकात नाक्यावरच्या कारकुनाने ठेवावी तशी वही झाली आहे. संपादकांना नेमकं हेच खटकलं असणार. त्यांनी एका ओळीत उरकलं, मी जरा सविस्तर सांगतो.

आधी दोन सरळ चुका, म्हणजे त्या डोक्यातून जातील. तिसऱ्या पानावर हॉलंडच्या गाडीला पिवळी पाटी आहे. हॉलंडच्या पाट्या १९७८ पासून पिवळ्या झाल्या. सोपानच्या हिवाळ्यात त्या गडद निळ्या होत्या आणि अक्षरं पांढरी. पाचव्या पानावरच्या जर्मन पाटीवर डाव्या कडेला निळा पट्टा आणि ताऱ्यांचं वर्तुळ आहे. ते युरोपात नव्वदच्या दशकात आलं. नेटवरचे फोटो बहुतेक अलीकडच्या गाड्यांचे असतात, त्यामुळे असा घोटाळा होतो. १९७६ चा फोटो शोधायचा तर पाटीचा शोधू नका, त्या काळच्या प्रवासी व्हॅनचा शोधा. पाटी आपोआप दिसेल, शिवाय टपावरचं सामान, पत्र्याचे डबे आणि खिडकीचे पडदेही मिळतील.

आता मूळ मुद्दा. सोपान चौथीत आहे. त्या काळी आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे त्या हिवाळ्यात त्याला एबीसीडी येत नाही. मग तो वहीत लिहितो कसा? तुम्ही स्वतः त्या वयात काय केलं असतंत ते आठवून बघा. माझ्या मते तो लिहीत नाही, चित्र काढतो. ओळखीचं नसलेलं अक्षर त्याला आकार म्हणून दिसतं. जर्मन गाडीवरचा 'एम' म्हणजे दोन डोंगर. 'के' म्हणजे भिंतीला टेकलेला माणूस. 'झेड' बहुधा त्याला शेवटपर्यंत नीट जमत नाही, एकदा सुलटा येतो आणि एकदा उलटा.

आकड्यांचं प्रकरण तर आणखी मजेदार आहे, आणि तुमच्या कथेचा शेवट मला तिथेच सापडतो. शाळेत तो देवनागरी आकडे शिकलाय. इंग्रजी आकडे त्याला येत नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही, कारण हातात नाणी आलेली आहेत. पाच, दहा, पंचवीस, पन्नास पैसे. त्यामुळे इंग्रजी शून्य, एक, दोन आणि पाच त्याला पक्के माहीत आहेत. (नाण्यावर सालही असतं म्हणा, पण चहाच्या टपरीवर सुट्टे मोजणारं पोर साल वाचत बसत नाही.) राहिलेले आकडे तो शाळेतल्या आकड्यांशी जुळवून बघणार. इंग्रजी नऊ हा आपल्या एकासारखा दिसतो. इंग्रजी आठ घाईत आपल्या चारासारखा. आणि इंग्रजी चार, विशेषतः वरून उघडा असलेला, आपल्या पाचासारखा. म्हणजे एखाद्या गाडीच्या नंबरात शेवटी ९८४ असेल तर सोपानच्या वहीत काय पडेल? १४५. तो हे अगदी आत्मविश्वासाने लिहील. चूक झाली असं त्याला कोण सांगणार?

हे एकदा मान्य केलं की वही त्याची होते. मग वाचकाला बरोबर नंबर सांगायची गरजच उरत नाही. निवेदकाने शहाणपणा करू नये, सोपानला दिसतं तेवढंच लिहावं.

दुसरी गोष्ट तो उभा कुठे राहतो ही. तुमच्या कथेत तो टपरीवरून सगळं बघतो. देशाचं चिन्ह तिथून दिसणार नाही. त्या काळी देशाची खूण म्हणजे पांढऱ्या लंबगोलावरची काळी अक्षरं, आणि ती गाडीच्या मागच्या बाजूला लावलेली असते. अक्षर निदान आठ सेंटिमीटर उंच ठेवायचा नियम आहे, त्यामुळे मागून येणाऱ्याला लांबून वाचता येतं, समोरच्याला मात्र काहीच दिसत नाही. म्हणजे सोपानला गाडीच्या मागे जावं लागेल. मागे काय असतं? स्टोव्ह पेटवलेला असतो, दोरीवर कपडे वाळत असतात, कुणीतरी अंग धूत असतं. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, कैलासावर ऊन दुपारनंतर चढतं. या गाड्या दुपारी येणार आणि संध्याकाळपर्यंत थांबणार, म्हणजे सकाळची शाळा सुटलेल्या पोराला वेळ भरपूर. तो मागे घुटमळतो आणि माणसांना वाटतं हा काहीतरी उचलायला आलाय, किंवा स्फटिकाचे दगड विकायला आलाय. तुमच्या कथेत अजून एकही परदेशी माणूस सोपानवर संशय घेत नाही. मला ते फारच सोयीचं वाटलं.

आता एकच गाडी घेऊ. एकोणीस नोंदींपैकी माझं मन तुमच्या सातव्या नोंदीवर बसलं : 'स्वित्झर्लंड, पांढरी व्हॅन, चार माणसं'. तुम्ही ती एका ओळीत सोडून दिलीत. स्वित्झर्लंडचं चिन्ह 'सीएच' आहे. ते लॅटिन नावावरून आलंय, कॉन्फेडेराशिओ हेल्वेटिका. हे वाक्य कथेत कुठेही घालू नका. टपरीवर एखादा दहावी नापास पोरगा असणारच, त्याला अक्षरं लावता येतात. सोपान त्याला वही दाखवतो. तो म्हणतो, 'सी, एच. च. चीन.'

यात पोरकट विनोद वाटत असेल तर १९७६ आठवा. बासष्टच्या लढाईला चौदाच वर्षं झाली होती आणि चीन हा शब्द घरात हलक्या आवाजात उच्चारला जायचा. त्याच वर्षी भारत आणि चीनने पुन्हा एकमेकांकडे राजदूत पाठवले. टपरीवरच्या रेडिओवर ते कुणाच्या तरी कानावर पडलेलं असू शकतं. म्हणजे सोपानच्या चुकीला बातमीचा आधार आहे. गाडीतली माणसं सोनेरी केसांची आहेत हे त्याला दिसतंच. पण त्याने चिनी माणूस पाहिलाय कधी?

पुढची पायरी मागच्या नंबर पाटीवर आहे. स्वित्झर्लंडच्या मागच्या पाटीवर नंबराशेजारी दोन छोट्या ढाली असतात. एका ढालीवर लाल रंगात पांढरा क्रूस, हे देशाचं चिन्ह. दुसऱ्या ढालीवर त्या त्या प्रांताचं, ज्याला तिथे कॅंटन म्हणतात. पुढच्या पाटीवर ढाली नसतात. गाडी बर्नची धरली तर दुसऱ्या ढालीवर काळं अस्वल येतं, तिरप्या पिवळ्या पट्ट्यावरून चढणारं. सोपानला इतक्या बारीक चित्रात ते अस्वल दिसेल की कुत्रा, हे तुम्ही ठरवा. पण क्रूस त्याच्या ओळखीचा आहे. तालुक्याच्या दवाखान्यावर तसाच असतो. रंग उलटे आहेत, पांढऱ्यावर लाल ऐवजी लालवर पांढरा, पण नऊ वर्षांचं पोर तिथे अडत नाही. चीनची गाडी, तिच्यावर दवाखान्याची खूण.

इथे तुम्हाला आणखी एक दान मिळतंय. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. आपल्याकडच्या शाळांत गुरुजींनी ही गोष्ट सांगितली नाही असं क्वचितच असेल. सोपान दोन आणि दोन जोडतो. आपला डॉक्टर तिकडे गेला होता, आता त्यांचे डॉक्टर इकडे आलेत. हे कुणी त्याला सांगत नाही, तो स्वतः काढतो, आणि त्याच्या वहीतल्या पुराव्यावरून काढतो. तुमच्या कथेत वहीमुळे आतापर्यंत काहीच घडत नव्हतं, आता घडेल. घरी आजा आहे, त्याला दिसायचं कमी झालंय. सोपान दुसऱ्या दिवशी आज्याचा हात धरून त्याला व्हॅनपाशी घेऊन येतो.

दुसरी वाटही आहे. आणीबाणीचा काळ, 'चीनची गाडी आली' हे टपरीवरून चौकीपर्यंत जातं आणि हवालदार वही जप्त करतो. ही वाट सोपी आहे आणि तिच्या टोकाला काय होणार ते वाचकाला आधीच कळतं. मी असतो तर आज्याची वाट धरली असती, कारण आजा कथेला आणखी पुढे नेतो.

कसा ते सांगतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथलं सरकारी शिक्षण उर्दूतून चालायचं. तुमच्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या माणसांना, मराठी घरांतल्यासुद्धा, उर्दू वाचता येतं हे तुम्ही पाहिलेलं आहे. १९७६ मध्ये साठीचा आजा धरला तर तो निजामाच्या शाळेत चार जमाती शिकलेला असणं अगदी स्वाभाविक आहे. सोपान त्याला अडाणी समजतो, कारण आजा मराठी पेपर अडखळत वाचतो. तुमच्या कथेत आजा दोनदा खोकतो, एवढंच त्याचं काम आहे. त्याला वाचू द्या.

वाचायला काय मिळेल? व्हॅनमधल्या माणसाकडेही एक वही असते. परदेशी गाडी कर न भरता तात्पुरती देशात आणायची तर 'कार्ने' नावाचं कागदपत्र लागतं, पूर्ण नाव कार्ने द पासाज आँ दुआन. गाडीवाल्याच्या देशातला मोटारींचा क्लब ते देतो. (आपल्याकडून गाडी घेऊन बाहेर जाणाऱ्याला मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते.) ही गाडी परत बाहेर नेली जाईल याची ती हमी असते, नेली नाही तर आयात कर भरावा लागतो. आत प्रत्येक पानावर गाडीचा नंबर, चेसिसचा नंबर, इंजिनाचा नंबर, रंग. एका देशाला एक पान, आणि पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक भाग फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा. तिसरा भाग वहीतच राहतो, त्यावर दोन्ही वेळचे शिक्के पडतात.

सोपानच्या दृष्टीने बघा. त्याने कष्टाने मिळवलेला नंबर या माणसाच्या वहीत पानापानावर छापलेला आहे आणि प्रत्येक पानावर साहेबांचे शिक्के आहेत. कुणीतरी त्याच्यासारखीच वही ठेवतं. तुमच्या कथेत गोरी बाई त्याला पेन देते तो प्रसंग काढून टाका, त्या जागी हे पान उघडू द्या. पेन देणारी गोरी बाई मी दिवाळी अंकांच्या टपालात इतक्या वेळा पाहिली आहे की आता ती दिसली की पान उलटतो.

ही माणसं इस्तंबूल, तेहरान, काबूल, पेशावर, लाहोर करत अमृतसरला आलेली. म्हणजे वहीत इराणचं पान असणार आणि त्यावरचा शिक्का फारसी लिपीत असू शकतो. सोपानला ते डिझाइन वाटतं. आजा वही डोळ्यांजवळ नेतो आणि बोट ठेवून आकडे वाचायला लागतो. उर्दूचे आणि फारसीचे आकडे जवळजवळ तेच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. पाच म्हणजे उलटा बदाम. सात म्हणजे उघडा वाडगा, आठ म्हणजे तोच वाडगा पालथा. आजा सगळे आकडे वाचतो आणि सालावर येऊन थांबतो.

'पंचवीसशे पस्तीस,' तो म्हणतो. 'हे कोणतं साल म्हणायचं?'

हा तपशील मी रचलेला नाही. इराणच्या शहाने मार्च १९७६ मध्ये पंचांगच बदललं, प्राचीन सम्राट कुरुशच्या काळापासून सालं मोजायला सुरुवात केली आणि एका रात्रीत देश पंचवीसशे पस्तीस सालात गेला. १९७८ मध्ये ते रद्द करून जुनी गणना परत आणली. आज्याला हिजरी माहीत आहे, निजामाच्या कागदांतलं फसली माहीत आहे, शक आणि इसवी सन माहीत आहेत. हे पाचवं साल त्याच्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. त्याला वाटतं आपले डोळे पुरतेच गेले. सोपानला वाटतं आजा चुकला. बरोबर फक्त आजाच आहे, आणि ते त्याला सांगू शकणारं तिथे कुणी नाही. व्हॅनवाल्यालाही फारसी येत नाही.

मी इथे थांबून एक सावधगिरी सांगतो. पंचांगाची ही हकिकत कथेत समजावून सांगायचा मोह होईल. एक शब्दही नको. ज्याला माहीत असेल तो हसेल, ज्याला माहीत नसेल त्याला आज्याचा गोंधळ पुरेल. तीच गोष्ट कोटणीसांची. 'आपला डॉक्टर तिकडे गेला होता' एवढं सोपानच्या तोंडी आलं की मराठी वाचकाला कळतं.

मग डोळ्यांचं काय होतं? व्हॅनमध्ये डॉक्टर नाही. हातवारे, चहा, थोडा वेळ कुणाला काही कळत नाही, मग त्यांतली एक बाई स्वतःचा चष्मा काढून आज्याच्या नाकावर ठेवून बघते. तो त्याला बसत नाही, डोळ्यांना पाणी येतं. ती परत घेते. या प्रसंगात औषधही नको आणि चमत्कारही नको. तुमचा हात इथे भावुक होतो हे मी पान सातवर पाहिलंय, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ही माणसं कुठली, यावरही एक खेळ आहे, हवा असेल तर घ्या. नंबर गाडीचा गाव सांगतो, माणसांचा नाही. त्या काळी ऑस्ट्रेलियाची नि न्यूझीलंडची पोरं लंडनमध्ये जुनी व्हॅन विकत घेऊन याच रस्त्याने घराच्या दिशेने निघायची. गाडीवर 'जीबी', आत एकही इंग्रज नाही. आणि जर्मनीतून बाहेर न्यायच्या गाड्यांना तेव्हा जी जकातीची पाटी मिळायची ती पाटीच लंबगोल असायची. सोपान तिला देशाची खूण समजून बसला तर त्याच्या यादीत जगात नसलेला एक देश वाढेल. पण हे सगळं एका कथेत कोंबू नका. स्विस व्हॅन पुरेशी आहे. बाकीच्या गाड्या वहीच्या पानावर नुसती चित्रं म्हणून राहू द्या, डोंगर, टेकलेला माणूस, निळी पाटी.

एक मात्र वापराच, आणि तेही अगदी सुरुवातीला, कारण त्यातून सोपानची पद्धत कळते. इंग्लंडमध्ये १९७३ पासून नव्या गाड्यांना पुढे पांढरी आणि मागे पिवळी पाटी आली. सोपान येताना पांढरी बघून एक नोंद करतो, जाताना पिवळी बघून दुसरी. रात्री चिमणीच्या उजेडात त्याला कळतं की दोन्हींतली चित्रं सारखी आहेत. तो एक नोंद खोडत नाही. दोन्हींच्या मधून रेघ ओढून त्यांना जोडतो. अशा पोराला चीनचा निष्कर्ष काढताना वाचकाने पाहिलं की तो वेंधळा वाटत नाही. तो विचार करणारा वाटतो, फक्त त्याच्याकडची माहिती अपुरी आहे.

आता शेवट. आरटीओ नको. मोठेपणी सापडलेली ट्रंक ही तर आणखी नको. वही सापडायला तीस वर्षं लागली तर त्या हिवाळ्याचा ताण सगळा सैल पडतो. तुमची कथा सहा महिन्यांत संपते. गोव्याकडे गेलेल्या गाड्या उन्हाळ्याआधी उत्तरेला परत फिरतात. मार्चमध्ये तीच व्हॅन पुन्हा वेरूळला थांबते. तिच्या नंबरात शेवटी ९८४ धरा. सोपान तिला कशी ओळखतो? पुन्हा १४५ असंच वाचतो आणि वहीत मागे जाऊन १४५ शोधतो. चूक दोन्ही वेळा सारखीच झाल्यामुळे जुळणी बरोबर निघते. मला हे फार आवडलं, तुम्हाला आवडतं का बघा. चौघांऐवजी तिघं उतरतात. चौथ्याचं काय झालं हे सोपान विचारू शकत नाही, तो फक्त माणसांच्या रकान्यात ३ लिहितो. नोंदीचा हा रकाना तुमच्याकडे आधीपासून आहे, पण बदललेला आकडा एकदाही आलेला नाही.

मग जून. पाचवी. इंग्रजीचे गुरुजी फळ्यावर एक ते दहा इंग्रजी आकडे काढतात. सोपान नऊ बघतो, आठ बघतो, चार बघतो. घरी पळत येऊन वही काढतो आणि दुरुस्त करायला बसतो. ४ होते तिथे ८, ५ होते तिथे ४. मग अडतो. नाण्यावरचा खरा पाच त्याने पाच म्हणूनच लिहिलाय आणि इंग्रजी चारही पाच म्हणूनच. खरा एकही १ म्हणून आणि नऊही १ म्हणून. सुरुवातीला तो आकडे चित्रासारखे काढायचा, तोवरची पानं सुटतात. पण डिसेंबरपासून, आपल्याला आता वाचता येतं असं वाटून, त्याने चित्रं काढणं सोडलं होतं. त्या पानांवरचा कुठला एक खरा एक आणि कुठला नऊ, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. गाड्या गेलेल्या आहेत. दुरुस्ती अर्धवट टाकलेलं ते पान दाखवून थांबा. सीएचचं काय, हे त्याला अजून कळलेलं नाही आणि या कथेत कळायची गरजही नाही.

तुम्ही विचाराल की १९७९ चं काय, तो रस्ता बंद झाला ते. इराणमध्ये त्या वर्षी क्रांती झाली, डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं, आणि काबूलवरून येणाऱ्या व्हॅनची रांग तुटली. झाहेदान ते क्वेट्टा या दक्षिणेच्या वाटेने काही येत राहिल्या, पण पूर्वीसारख्या नाहीत. सातवीतल्या सोपानने आखून ठेवलेली आणि रिकामी राहिलेली पानं, ही वेगळी कथा आहे. या कथेला ती जोडलीत तर दोन्ही मार खातील. तुम्ही आत्ता १९७६ धरलंय ते योग्य आहे, कारण पंचवीसशे पस्तीस त्याच हिवाळ्यात मिळतं.

पुनर्लेखनाआधी एक काम करा. तुम्हाला इंग्रजी येतं, त्यामुळे सोपानचा हात तुम्हाला आठवणीतून मिळणार नाही. जी लिपी तुम्हाला अजिबात येत नाही तिच्यातल्या नंबर पाट्यांचे फोटो काढा, थायलंडच्या घ्या किंवा म्यानमारच्या जुन्या. प्रत्येक फोटो दहा सेकंद बघायचा, मोबाइल उलटा ठेवायचा आणि साध्या पेन्सिलीने वहीत उतरवायचा. असे वीस करा. पहिल्या पाचात तुम्ही आकार काढाल. दहाव्यापर्यंत तुमचा हात त्यांना ओळखीच्या मराठी अक्षरांकडे ओढायला लागेल आणि पंधराव्याला तुम्हाला वाटेल की आता आपल्याला वाचता येतंय. तिथे थांबून मागची पानं फोटोंशी ताडून बघा. तुमच्या हातून ज्या प्रकारच्या चुका झाल्या असतील त्याच सोपानच्या वहीत घाला, माझ्या ९८४ पेक्षा त्या चांगल्या निघतील.

दिवाळी अंकांची निवड बहुतेक ठिकाणी पावसाळ्यातच होते, तेव्हा हे मे महिन्यात उरका. आणि नवी प्रत पाठवाल तेव्हा पेन्सिलीची ती वीस चित्रंही सोबत टाका.